अंशांवरून सोळा दिशांची नावं: ३५० अंशाला ‘उत्तर’ का येत नाही?

प्रश्न: वाऱ्याची दिशा मला अंशांत मिळते. जावास्क्रिप्टमध्ये २२.५ ने भागतो, अपूर्णांक सोडून देतो आणि सोळा नावांच्या यादीतून त्या क्रमांकाचं नाव उचलतो. पण ३५० अंशाला ‘उत्तर-वायव्य’ येतं आणि २० ला नुसतं ‘उत्तर’. कुठे चुकतंय?

उत्तर:

भागाकार बरोबर आहे, मोजायला सुरुवात चुकीच्या जागेवरून होते आहे. ० अंश ही उत्तरेच्या भागाची कड नाही, तो त्या भागाचा मध्य आहे. वर्तुळाचे सोळा भाग केले की प्रत्येक भाग २२.५ अंशांचा होतो, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना ११.२५ अंश. उत्तर ही ३४८.७५ पासून सुरू होते, ० ओलांडते आणि ११.२५ ला संपते. उत्तर-ईशान्य ११.२५ ते ३३.७५, ईशान्य ३३.७५ ते ५६.२५, आणि असंच पुढे.

तुमचा कोड मात्र ० ते २२.५ या सगळ्या पट्ट्याला उत्तर म्हणतो. सगळे भाग ११.२५ अंशांनी पुढे सरकल्यामुळे वर्तुळातल्या निम्म्या कोनांना एक घर मागचं नाव मिळतं. उरलेल्या निम्म्यांना बरोबर नाव मिळतं, आणि म्हणूनच ही चूक पटकन लक्षात येत नाही. आपण तपासून बघतो ते ४५, ९०, १८० असे आकडे, आणि त्यांना ईशान्य, पूर्व, दक्षिण अशी अचूक उत्तरं येतात.

उपाय एवढाच, की भागायच्या आधी अर्ध्या भागाइतके, म्हणजे ११.२५ अंश मिळवायचे:

```js
const DISHA = [
  "उत्तर", "उत्तर-ईशान्य", "ईशान्य", "पूर्व-ईशान्य",
  "पूर्व", "पूर्व-आग्नेय", "आग्नेय", "दक्षिण-आग्नेय",
  "दक्षिण", "दक्षिण-नैऋत्य", "नैऋत्य", "पश्चिम-नैऋत्य",
  "पश्चिम", "पश्चिम-वायव्य", "वायव्य", "उत्तर-वायव्य"
];

function disha(deg) {
  if (typeof deg !== "number" || !Number.isFinite(deg)) return null;
  const d = ((deg % 360) + 360) % 360;
  return DISHA[Math.floor((d + 11.25) / 22.5) % 16];
}
```

तुमचाच ३५० घ्या. ११.२५ मिळवले की ३६१.२५ होतात, २२.५ ने भागले की १६.०६, अपूर्णांक सोडला की १६. यादी ० ते १५ एवढीच आहे, १६ क्रमांकाचं घर नाहीच. म्हणून शेवटी १६ ने भागून बाकी घ्यायची: बाकी ०, म्हणजे उत्तर. हे `% 16` राहिलं तर ३४८.७५ च्या पुढच्या प्रत्येक कोनाला `undefined` मिळतं. काही जण त्यासाठी यादीच्या शेवटी ‘उत्तर’ पुन्हा लिहून सतरा नावं करतात. चालतं, पण बाकी घेणं मला जास्त स्वच्छ वाटतं, कारण पुढे याच क्रमांकांवर मोजणी करायची झाली तर उत्तरेचे दोन तुकडे होत नाहीत. २० चं गणितही बघा: ३१.२५ भागिले २२.५ म्हणजे १.३९, क्रमांक १, उत्तर-ईशान्य.

`d` ची ओळ दोन वेळा बाकी घेते ती उगाच नाही. कोन `Math.atan2` वरून काढला असेल तर अंशांत बदलल्यावर तो उणे १८० ते १८० असा येतो, आणि जावास्क्रिप्टमध्ये उणे संख्येची बाकी उणेच राहते. -90 % 360 चं उत्तर -90 येतं, 270 नाही. आधी ३६० मिळवून पुन्हा बाकी घेतली की कोन ० ते ३६० मध्ये येतो.

पहिली तपासणी तर मुळीच गाळू नका. सेन्सरकडून आकडा आलाच नाही आणि `null` आलं, तर जावास्क्रिप्ट गणितात त्याला शून्य धरतं आणि पडद्यावर ‘उत्तर’ झळकतं. रिकाम्या मजकुराचंही तसंच होतं. त्याहून फसवा प्रकार म्हणजे आकडा मजकूर म्हणून येणं आणि `d` ची ओळही गाळून त्यात थेट ११.२५ मिळवणं. `"350" + 11.25` ही बेरीज होत नाही, दोन्ही एकमेकांना चिकटून `"35011.25"` होतं. पुढचा भागाकार मात्र त्याला गुपचूप संख्या मानतो, १६ ने भागून बाकी ४ उरते आणि उत्तरेच्या वाऱ्याला ‘पूर्व’ नाव पडतं. कुठेही एरर येत नाही. म्हणून मजकूर येत असेल तर तो रिकामा नाही हे पाहून आधी `Number()` मधून काढा आणि मगच फंक्शनला द्या.

वारा शांत असतानाचं शून्यही वेगळं ठेवा. विमानतळांच्या मेटार अहवालात `00000KT` म्हणजे वारा नाही, आणि खरी उत्तर ३६० अशी लिहितात. वेग शून्य असेल तर दिशेचं नाव न दाखवता ‘शांत’ दाखवणं योग्य.

तपासायचं तर कडांवर तपासा: ११.२४ ला उत्तर, ११.२५ ला उत्तर-ईशान्य, ३४८.७४ ला उत्तर-वायव्य, ३४८.७५ आणि ३६० ला उत्तर, उणे १० ला उत्तर. कड कोणत्या भागात धरायची हा संकेताचा प्रश्न आहे, वरचा कोड ती पुढच्या भागात धरतो, आणि प्रत्येक कडेला तसंच धरतो. हेच पायथनमध्ये `round(d / 22.5) % 16` असं लिहिलंत तर हा सारखेपणा जातो, कारण पायथनचं `round` बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतं. मग ३३.७५ आणि ५६.२५ या दोन्ही कडा ईशान्येला जातात आणि उत्तर-ईशान्येला एकही मिळत नाही. तिथेही ११.२५ मिळवून `//` वापरा.

एक गोष्ट कोड अगदी बरोबर असूनही चुकते, आणि वाऱ्याचा आलेख काढणार असाल तर ती माहीत हवी. पुष्कळ ठिकाणी वाऱ्याची दिशा दहा-दहा अंशांत नोंदवतात: १०, २०, ३० पासून ३६० पर्यंत, एकूण ३६ आकडे. ते सोळा भागांत सारखे वाटले जात नाहीत. उत्तरेत ३५०, ३६० आणि १० असे तीन पडतात, उत्तर-ईशान्येत २० आणि ३० असे दोनच. पूर्ण वर्तुळ मोजलं तर चार मुख्य दिशांना तीन-तीन आणि बाकी बारांना दोन-दोन मिळतात. वारा सगळीकडून अगदी सारखा वाहिला तरी आलेखात उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम हे चार खांब इतरांच्या दीडपट उंच दिसतील. अशा चार सुळक्यांचा आलेख दिसला की आधी मूळ नोंदी दहाच्या पटीत आहेत का ते बघा. असतील तर मोजणी बारा किंवा छत्तीस भागांत करा, तिथे आकडे सारखे बसतात. सोळाच भाग हवे असतील तर मुख्य दिशांची संख्या तीनने आणि इतरांची दोनने भागून मग तुलना करा. एकेका नोंदीचं नाव दाखवण्यापुरतं मात्र वरचं फंक्शन आहे तसं चालेल.