दोन मॉनिटर जुळवताना आधी उजेड, मग पांढरा

प्रश्न: जुन्या मॉनिटरशेजारी नवा लावलाय. एकच विंडो नव्यावर निळसर आणि जास्त उजळ दिसते. दोन्हीकडे सारखी कशी दिसेल?

मी बडोद्यात लग्नाचे अल्बम बनवते. माझ्याकडेही अशीच जोडी होती. हळदीच्या फोटोतला पिवळा जुन्या पडद्यावर हळदीचा दिसायचा आणि नव्यावर लिंबाचा.

आधी दोन्ही मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा. विंडोजमधला Night light आणि मॉनिटरमधले इको मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा, नाहीतर तुम्ही जुळवलेलं परत आपोआप बदलत राहील.

मग उजेड. जुना पडदा नव्याइतका उजळ होणार नाही, म्हणून नव्यालाच खाली आणायचं. डोळा उजेडाला पटकन सरावतो, त्यामुळे हे काम मी कॅमेऱ्याला देते. मॅन्युअल मोड, आयएसओ १००, f/4. दोन्ही पडद्यांवर कोरी पांढरी विंडो पसरायची आणि फ्रेममध्ये पांढऱ्याशिवाय काही येणार नाही इतकं जवळ जायचं. जुन्यावर मीटरचा काटा १/६० सेकंदाला मध्यावर आला, म्हणजे साधारण १२० कँडेला प्रति चौरस मीटर. खोलीत बसून काम करायला हा उजेड छान. नव्यावर १/१२५ लागला, म्हणजे तो दुप्पट उजळ होता. त्याचा ब्राइटनेस ७५ वरून ३२ वर आणला तेव्हा काटा जुळला. कॉन्ट्रास्टला हात लावू नका, त्याने फिकट छटा पांढऱ्यात बुडतात.

रंगासाठी मात्र कॅमेरा नको. दोन पडद्यांमागचे दिवे वेगळ्या जातीचे असतात, त्यामुळे कॅमेऱ्याला सारखा वाटलेला पांढरा डोळ्याला वेगळा दिसू शकतो. नव्याच्या मेनूत रंगाचा User मोड घ्या, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळे कमी करता येतात. तीच पांढरी विंडो दोन्हीकडे ठेवून, समोर सरळ बसून, नव्यावरचा निळा थोडा थोडा उतरवा. माझा निळा १०० वरून ९१ वर आणि हिरवा ९७ वर थांबला. रंग उतरवले की उजेडही जरा उतरतो, म्हणून ब्राइटनेस दोन-तीन अंकांनी वाढवून काटा पुन्हा पाहिला.

आता विंडोत मधला करडा रंग भरून बघा. पांढरा जुळला पण करडा जुळत नसेल तर दोन्हीकडे गॅमा २.२ ठेवा. काळाच राखाडी दिसत असेल तर एचडीएमआयची रेंज Limited झाली असेल. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये ती Full करा.

एवढं करूनही शालूचा लाल नव्यावर भडक दिसला, तर तो मॉनिटर जास्त रंग दाखवणारा आहे. लाल-हिरवा-निळा कमीजास्त करून हे जात नाही. त्याचा sRGB मोड लावून पाहा. पुष्कळ मॉनिटरवर त्या मोडमध्ये पांढरा हलवता येत नाही, काहींवर ब्राइटनेसही नाही. तसं असेल तर पांढरा जुळवायचा की लाल, हे कामावरून ठरवा. मी अल्बमसाठी लाल धरला, आणि त्या पडद्यावर फक्त टूलबार ठेवण्याच्या दिवशी User मोडवर परतते.