तीनशे ईमेल, उत्तर एकही नाही

प्रश्न : मुलगा बी.कॉम. झालाय. दोन वर्षं लग्नांचे आणि कॉन्फरन्सचे फोटो काढतो. मी स्वतः मजकूर लिहून दिला आणि त्याच्याकडून तीनशे आयोजकांना ईमेल पाठवून घेतले. एकही उत्तर नाही. आता बँकेच्या परीक्षेला बसवू का? – एक पालक, पुणे

उत्तर : सोबत पाठवलेला मजकूर वाचला. त्यात ‘सर्वांत कमी दर’ तीनदा आहे, ‘होतकरू’ आहे, ‘एक संधी द्यावी’ आहे. मुलाने केलेल्या एकाही कामाचा उल्लेख मात्र नाही. तुमची काळजी कळते, पण ती आयोजकाच्या इनबॉक्समध्ये कशाला? हुकलेला फोटो पुन्हा काढता येत नाही, म्हणून ‘स्वस्त’ वाचून तो बिचकतो. कमावत्या मुलाचा ईमेल वडिलांनी लिहू नये, हे स्पष्टच सांगतो.

बँकेची परीक्षा त्याला द्यायची असेल तर द्यावी. क्लार्कसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा 28 आहे. उत्तरं आली नाहीत म्हणून बसवू नका.

खरा गैरसमज आहे तो एकच मजकूर सगळ्यांना चालतो हा. बीसीसीमध्ये तीनशे पत्ते आणि सोबत जड फोटो, असा अनोळखी ईमेल बहुधा स्पॅममध्येच जातो. शिवाय वाचणारी माणसं वेगळी. लग्नाचा फोटोग्राफर बहुतेक वेळा घरचेच ठरवतात, वेडिंग प्लॅनर फक्त नावं सुचवतो. त्या प्लॅनरला स्वतःच्या इन्स्टाग्रामसाठी पाहुणे येण्याआधीचे मांडवाचे, सजावटीचे फोटो हवे असतात. ते घरच्यांच्या परवानगीने देईन, असं लिहिलं तर तो पुढे वाचेल.

कॉन्फरन्सच्या मार्केटिंगवाल्यांची गरज निराळी. त्यांना त्याच संध्याकाळी लिंक्डइनवर टाकायला फोटो लागतात. कार्यक्रमाची तारीख आधीच जाहीर असते, तेव्हा निदान महिनाभर आधी, एकाच व्यक्तीला, नावानिशी लिहावं. विषयात कार्यक्रमाचं नाव, तारीख आणि ‘छायाचित्रण’ एवढंच. मजकूर असा :

‘नमस्कार. तुमच्या 14 तारखेच्या परिषदेसाठी मी उपलब्ध आहे. अशाच एका दिवसभराच्या परिषदेचे 20 फोटो या लिंकवर आहेत. निवडक 15 फोटो त्याच दिवशी सात वाजेपर्यंत आणि सगळे तीन दिवसांत देतो. दिवसाचा दर आणि बिलाची माहिती खाली आहे. ठिकाण आणि वेळापत्रक कळवलंत तर नेमकं कोटेशन पाठवतो.’

लिंकमध्ये वीस वेगवेगळ्या कार्यक्रमांतले सुंदर फोटो नकोत, एकाच कार्यक्रमाचे हवेत : व्यासपीठ, भरलेलं सभागृह, नोंदणीचं टेबल, चहाच्या वेळच्या गप्पा. वक्त्यामागे एलईडी भिंत असलेला एक फोटो हवाच. शटर फार वेगवान ठेवलं की त्या भिंतीवर काळे पट्टे उमटतात, आणि जाणकार आयोजक तेच आधी बघतो.

आठवड्याने दोन ओळींची एक आठवण पाठवावी, मग थांबावं. काम मिळालं तरी कंपनी व्हेंडर नोंदणीसाठी पॅन आणि बँकेचा तपशील मागेल, टीडीएस कापेल आणि पैसे महिना-दोन महिन्यांनी देईल. तेवढी उधारी घरातून सांभाळता आली, तर तुमची मदत तिथे करा.