आधी श्वासचिन्ह बघा, आघात नंतर

ग्रीक वाचताना तुम्ही ἐν आणि ἕν या शब्दांमध्ये अडकलात, सुरुवातीला सगळेच इथेच अडकतात. आघातांचे नियम सध्या बाजूला ठेवा. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दात आधी श्वासचिन्ह, म्हणजे सुरुवातीच्या स्वरावरचं स्वल्पविरामासारखं छोटं चिन्ह, शोधा.

चिन्हाचं तोंड उजवीकडे उघडं असेल, तर सुरुवातीला ‘ह’ म्हणा. डावीकडे असेल, तर काही म्हणू नका. म्हणून ἐν हे ‘एन’, म्हणजे ‘मध्ये’. Ἕν हे ‘हेन’, म्हणजे ‘एक’. मोठ्याने वाचलंत तर फरक कानालाच कळतो.

बायबलच्या नव्या करारातलं योहान १०:३० घ्या: ἐγὼ καὶ ὁ πατὴρ ἕν ἐσμεν, ‘मी आणि पिता एक आहोत’. इथे ‘मध्ये’ वाचलं तर वाक्य लंगडं पडतं, कारण ἐν च्या पुढे चतुर्थीतलं नाम लागतं आणि इथे थेट क्रियापद आलंय. ही पडताळणी अंगवळणी पाडाच. चौथ्या शतकातल्या सिनाई हस्तलिखितासारख्या जुन्या प्रतींत बहुतेक ठिकाणी ही चिन्हं नसतात. तिथे नुसतं ΕΝ दिसतं. छापील चिन्ह हा संपादकाचा निर्णय असतो, आणि तो व्याकरणावर तपासता येतो.

नवशिक्यांच्या दोन चुका नेहमीच्या:

- जोडस्वरात चिन्ह दुसऱ्या अक्षरावर बसतं. εἷς (‘एक’) मध्ये ते ι वर आहे, तरी उच्चार ‘हेइस’. εἰς म्हणजे ‘कडे, आत’.
- वरच्या ओळीतला πατὴρ कोशात πατήρ असा सापडेल. पुढे शब्द आला की शेवटचा आघात सहसा उलटा झुकतो. अर्थ तोच राहतो.