राजीनामा दिला म्हणून बोनस अडवता येतो का?

प्रश्न : मी एका पॅकिंग कारखान्यात चार वर्षे होतो, कामगार साठेक असतील. ऑगस्ट २०२५ मध्ये राजीनामा दिला. दिवाळीला २०२४-२५ चा बोनस मागितला, तर मालक म्हणाले की सोडून गेलेल्याला बोनस नसतो, शिवाय तुझ्यामुळे मशीन बिघडली होती. हे कायद्याला धरून आहे का?

उत्तर : नाही. ते वर्ष बोनस प्रदान अधिनियम, १९६५ खाली येते. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ज्याचा मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्याने त्या हिशेबी वर्षात किमान ३० दिवस काम केले आहे, त्याला किमान ८.३३ टक्के बोनस द्यावाच लागतो. वर्ष तोट्यात गेले, तरीही तो टळत नाही. फक्त नव्या आस्थापनेला सुरुवातीच्या पाच वर्षांत नफा नसेल, तर सूट मिळते.

बोनसचा हक्कच बुडण्याची कारणे कलम ९ मध्ये मोजकी आहेत : फसवणूक, कामाच्या जागी दंगामस्ती किंवा हिंसक वर्तन, आणि मालमत्तेची चोरी, अफरातफर किंवा घातपात. यातही कामगाराला त्या कारणावरून बडतर्फ केलेले असावे लागते. राजीनामा या यादीत कुठेच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने या यादीत लैंगिक छळाबद्दल झालेल्या दोषसिद्धीची भर घातली आहे. राजीनामा तिथेही नाही.

मशीनचा मुद्दा कलम १८ मध्ये बसवायचा, तर तुम्ही गैरवर्तनाबद्दल दोषी ठरलेले असायला हवे आणि त्यातून मालकाचे आर्थिक नुकसान झालेले असायला हवे. तसे असले, तरी नुकसानीइतकीच रक्कम, आणि तीही त्याच वर्षाच्या बोनसमधून कापता येते. उरलेली द्यावीच लागते. नोटीस नाही, चौकशी नाही, नुसता तोंडी आरोप असेल, तर त्यावर कपात टिकणे कठीण आहे.

मला अधिक खटकते ती रकमेची गफलत, कारण ती कामगाराच्या लक्षातही येत नाही. हिशेब मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर होतो, पण त्याला ७,००० रुपये किंवा त्या कामाचे किमान वेतन, यांपैकी जे जास्त असेल त्याची मर्यादा असते. समजा तुमचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १३,००० आणि किमान वेतन १२,५०० होते. मग वर्षाचे १,५०,००० धरून बोनस १२,४९५ रुपये होतो. कित्येक कारखाने सरसकट ७,००० धरून ६,९९७ रुपयांवर बोळवण करतात.

हिशेबी वर्ष ३१ मार्च २०२५ ला संपले असेल, तर बोनस देण्याची आठ महिन्यांची मुदत ३० नोव्हेंबर २०२५ ला संपते. मालकाला लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. त्यानंतरही पैसे आले नाहीत, तर वसुलीचा अर्ज देय तारखेपासून एका वर्षाच्या आत कामगार आयुक्त कार्यालयात करा. पगाराच्या पावत्या आणि राजीनामा स्वीकारल्याचे पत्र सोबत जोडा. एप्रिल ते ऑगस्ट २०२५ मध्ये कमावलेल्या वेतनावरचा बोनस वेगळा. त्याची मागणी पुढच्या वर्षी करावी लागेल.