जबड्याचा आवाज आणि एका बाजूचे दुखणे

प्रश्न : घास चावताना उजव्या कानासमोर ‘कट’ असा आवाज येतो आणि त्याच बाजूला दुखते. माझा जबड्याचा सांधा झिजत चालला आहे का?

हीच भीती घेऊन माझ्याकडे आलेल्या, दिवसभर संगणकावर हिशेबाचे काम करणाऱ्या एका बाईंची हकीकत येथे उपयोगी पडेल. दंतवैद्यांनी तपासणी करून दाढेत कीड किंवा तडा नसल्याची खात्री केली होती, तोंड तीन बोटे उभी मावतील इतके उघडत होते. मात्र गालावरील चावण्याचा स्नायू दाबताच त्यांना नेमके ओळखीचे दुखणे जाणवत होते. म्हणजे त्रास बराचसा स्नायूंच्या ताणाचा होता.

आवाजाचे कारण बहुतेक वेळा साधे असते. सांध्यातील लवचीक चकती थोडी पुढे सरकलेली असते आणि तोंड उघडताना जबड्याच्या हाडाचे टोक तिच्यावर पुन्हा चढते, तेव्हा तो ‘कट’ होतो. वेदना नसेल आणि तोंड अडकत नसेल, तर अशा आवाजावर उपचारांची गरज नसते. या बाई मात्र आवाज गेला का हे पाहण्यासाठी जबडा वारंवार उघडून, बाजूला सरकवून बघत असत आणि त्यानेच दुखरा सांधा अधिक चिडत होता. ती तपासणी मी सर्वप्रथम थांबवायला सांगितली.

त्यानंतर कामाच्या वेळी दर तासाला ‘या क्षणी दात एकमेकांना टेकलेले आहेत का’ एवढेच त्यांनी टिपून ठेवले. हिशेबाचे आकडे जुळवताना दात जवळजवळ प्रत्येक वेळी टेकलेले आढळले. वास्तविक चावणे आणि गिळणे सोडले, तर दातांमध्ये फट असायला हवी : ओठ मिटलेले, दात सुटे आणि जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला हलके टेकलेले. संगणकाच्या कडेला चिकटवलेला एक रंगीत ठिपका दिसला की जबडा या स्थितीत सैल सोडायचा, हा त्यांचा मुख्य अभ्यास होता, आणि माझ्या मते सर्वाधिक गुण त्याचाच.

जोडीला काही आठवडे मऊ अन्न, लहान घास, च्युइंगगम पूर्ण बंद, जांभई येताना हनुवटीखाली मूठ, आणि संध्याकाळी गालावर पंधरा-वीस मिनिटे सोसवेल असा ओला शेक एवढेच ठेवले. दीडेक महिन्यात चावतानाचे दुखणे ओसरले. आवाज अधूनमधून येत राहिला, पण त्यांनी त्याचा पाठलाग सोडला.

तोंड अचानक दोन बोटांपेक्षा कमी उघडू लागले, उघडे किंवा मिटलेले अडकले, सूज किंवा ताप आला, तर सवयी बदलून वाट पाहत बसू नये, लगेच तपासून घ्यावे. चालताना किंवा श्रम करताना जबडा दुखणे हृदयाशी संबंधित असू शकते. पन्नाशीनंतर चावताना दुखण्याबरोबर कानशिलात नवी डोकेदुखी किंवा अंधुक दिसणे सुरू झाल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.