कुत्रा बूड घासतो म्हणजे दरवेळी ग्लँड भरलेलीच असते असं नाही

प्रश्न: आमचा कुत्रा अधूनमधून जमिनीवर बूड घासत पुढे सरकतो. ग्रूमर म्हणतो, दर महिन्याला ॲनल ग्लँड पिळून घ्या. खरंच गरज असते का? डॉक्टरांकडे कधी न्यायचं?

उत्तर:

नियम म्हणून दर महिन्याला पिळू नका. मी कुत्र्या-मांजरांची डॉक्टर आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी असं धरलं, तर साधारण चार आणि आठ वाजतात त्या जागी, कातडीच्या आत, दोन छोट्या पिशव्या असतात. यांनाच ॲनल ग्लँड म्हणतात. त्यांत उग्र वासाचा द्रव साठतो. शी घट्ट असली की ती बाहेर येताना या पिशव्यांवर दाब पडतो आणि थोडा द्रव बारीक नळीतून निघून जातो. बहुतेक निरोगी कुत्र्यांचं हे काम आयुष्यभर आपोआप चालतं. कुत्रा घाबरला की कधी एकदम माशासारखा वास सुटतो, तोही याच द्रवाचा. तेवढ्यावरून आजार आहे असं समजू नका.

बूड घासणं याचा अर्थ इतकाच की त्या भागात खाज, जळजळ किंवा दडपण आहे. कारण पिशवीत असेल, नाहीतर शेजारच्या कातडीतही असेल. म्हणून आधी शेपटी उचलून नीट बघा. केसांना सुक्या तांदळाच्या दाण्यांसारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते टेपवर्मचे तुकडे असतात. हा जंत पिसवांमधून येतो. साध्या शी-तपासणीत तो बऱ्याचदा सापडत नाही, त्यामुळे डोळ्यांनी दिसलेला दाणाच जास्त भरवशाचा. वजनाप्रमाणे प्राझिक्वांटेलची गोळी दिली की जंत मरतो, पण पिसवांचा बंदोबस्त केला नाही तर काही आठवड्यांत तो परत येतो. ग्रूमिंगनंतर एक-दोन दिवसच घासणं असेल तर तिथे मशीन लागून कातडी दुखावली असण्याची शक्यता मोठी.

आता एक केस सांगते, तुमच्या ग्रूमरच्या सल्ल्याला ती थेट लागू पडते. चार वर्षांचा पिवळा लॅब्रॅडोर. दर तीन आठवड्यांनी त्याच्या ग्लँड पिळल्या जात होत्या. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा घासणं सुरू. मी ग्लोव्ह घालून तपासलं तर डावी पिशवी जवळजवळ रिकामी, उजवीत थोडासा पातळ तपकिरी द्रव. म्हणजे आत अडकलेलं काहीच नव्हतं. पण पुढचे पंजे उचलून बघितले तर बोटांमधले केस चाटून चाटून तांबूस झालेले, कान आतून लाल, आणि मालक म्हणाले की शी मऊ असते, दिवसातून चार वेळा होते. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की माझा पहिला संशय ॲलर्जीवर जातो. गुदद्वाराभोवतीची कातडी ही शेवटी कातडीच, पंजे खाजतात तशी तीही खाजते. वर शी मऊ असेल तर पिशव्यांवर पुरेसा दाबही पडत नाही.

आम्ही त्याला आठ आठवडे फक्त एकाच प्रकारच्या, त्याने पूर्वी कधी न खाल्लेल्या प्रोटीनचं खाणं दिलं. मधे बिस्किट नाही, ताटातला घास नाही, चवीची औषधंही नाहीत. सहाव्या आठवड्यापर्यंत शी घट्ट झाली, पंजे चाटणं कमी झालं आणि बूड घासणं थांबलं. मग मुद्दाम जुनं खाणं परत सुरू केलं, तर काही दिवसांतच सगळं उलटलं. हा शेवटचा टप्पा लोक टाळतात, पण त्याशिवाय कारण अन्नातच आहे हे सिद्ध होत नाही. त्यानंतर त्याच्या ग्लँड पिळाव्या लागल्या नाहीत.

विनाकारण पिळण्याचा तोटाही खरा आहे. दर वेळी चिमटून नळीच्या तोंडाला सूज येते, सुजलेली नळी अरुंद होते, आणि मग जी पिशवी आपोआप रिकामी होत होती ती खरोखर तुंबायला लागते. जोर जास्त लागला तर पिशवी आतल्या आत फुटूही शकते.

मग डॉक्टरांनी पिळणं खरंच केव्हा लागतं? कुत्रा वारंवार मागे वळून तिथेच चाटतोय, बसताना दचकून उठतोय, शी करताना कुंथतोय, आणि तपासल्यावर पिशवी भरलेली, ताणलेली लागतेय, तेव्हा. ग्रूमर बहुधा बाहेरून चिमटतो. आम्ही वंगण लावलेलं बोट गुदद्वारात घालून, अंगठा बाहेर ठेवून, एकेक पिशवी हलकेच दाबतो. याने ती पूर्ण रिकामी होते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतून काय निघालं ते दिसतं. पातळ पिवळसर किंवा तपकिरी द्रव ठीक. टूथपेस्टसारखा घट्ट लगदा आला तर पिशवी तुंबलेली होती. पू किंवा रक्त आलं तर जंतुसंसर्ग, आणि तिथे नुसतं पिळून भागत नाही, पिशवी सलाइनने धुऊन आत मलम भरावं लागतं. पिळल्यावर दोन-तीन दिवसांत घासणं थांबलं नाही, तर परत पिळू नका, दुसरं कारण शोधायला सांगा.

तीच पिशवी पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर शी घट्ट करण्यावर लक्ष द्या. खाण्यात थोडं इसबगोल आणि सोबत भरपूर पाणी, याने बऱ्याच कुत्र्यांना फरक पडतो. प्रमाण वजनावर ठरतं, तेवढं डॉक्टरांना विचारा. कुत्रा जाड असेल तर वजनही उतरवा. पिशव्या ऑपरेशन करून काढता येतात, पण शेजारच्या नसेला इजा झाली तर शीवरचा ताबा जाऊ शकतो. म्हणून तो पर्याय मी अगदी शेवटी ठेवते.

दोन परिस्थितींत मात्र वाट बघू नका. गुदद्वाराच्या एका बाजूला लाल, गरम, दुखरा फुगवटा आला असेल किंवा तिथे भोक पडून रक्तमिश्रित पू वाहत असेल, तर ते गळू आहे. त्याच दिवशी न्या. घरी दाबायचं नाही, ग्रूमरलाही दाबू द्यायचं नाही, आणि गळ्यात कोन घाला म्हणजे तो चाटणार नाही.

दुसरी परिस्थिती शांतपणे येते, म्हणून मला तिची जास्त काळजी वाटते. मोठ्या वयाच्या कुत्र्याच्या एकाच बाजूला टणक गाठ लागते, पिळून ती कमी होत नाही, आणि बहुतेक वेळा दुखतही नाही. ती पिशवीच्या कॅन्सरची असू शकते. या कॅन्सरमध्ये काही कुत्र्यांच्या रक्तातलं कॅल्शियम वाढतं, त्यामुळे ते खूप पाणी पितात आणि खूप लघवी करतात. अशा कुत्र्याला आतून बोटाने तपासणी, रक्तात कॅल्शियम आणि गाठीतून सुईने नमुना, या तीन गोष्टी लागतात. गाठ लहान असताना सापडली तर ऑपरेशनचा उपयोग जास्त होतो. तुमचा कुत्रा वयस्क असेल तर वर्षाच्या तपासणीत ही आतली तपासणी करायला स्वतःहून सांगा.