पिशवीपेक्षा माणसाकडे बघा

प्रश्न: आईला डिमेन्शिया आहे, दोन महिन्यांपासून कॅथेटरही आहे. दुखतंय-खुपतंय ती सांगू शकत नाही. इन्फेक्शन झालंय हे ताप चढायच्या आधी कसं ओळखायचं?

माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं, मी चार वर्षं केलं. पहिली चूक सांगते. एकदा पिशवीत लघवी गढूळ दिसली, वास येत होता. अण्णा मात्र नेहमीसारखे जेवत होते, चिडत होते. मी घाबरून अँटिबायोटिक सुरू करायला लावलं आणि आठवडाभर त्यांचे जुलाब निस्तरत बसले. महिनाभर कॅथेटर असला की लघवीत जंतू जवळपास सगळ्यांच्याच सापडतात. माणूस ठीक असेल तर नुसत्या गढूळपणाला औषध लागत नाही.

खरं इन्फेक्शन झालं तेव्हा लघवी स्वच्छ होती. अण्णा सकाळी चहाची कपबशी स्वतः धरायचे. त्या दिवशी कप हातात दिला तर तो कलंडला, आणि चहा सांडला तरी ते ओरडले नाहीत. दुपारी जेवताना घास तोंडात तसाच धरून झोपले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आज किती शांत आहेत!" तीच शांतता मला खटकली. एका दिवसात इतका बदल डिमेन्शियाने होत नाही, तो हळूहळू वाढतो.

थर्मामीटरवर ९९.४ होतं. कुणी ताप म्हणणार नाही, पण अण्णांचं रोजचं ९७.२ असायचं. स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दोन अंश फॅरनहाइट जास्त म्हणजे म्हाताऱ्या माणसाला तापच. म्हणून आई बरी असतानाच आठवडाभर रोज एकाच जागी, तोंडात किंवा काखेत, मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. मग पांघरुणाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. २८ भरले. पंचविशीच्या वर गेले की मी वाट बघत नाही.

कॅथेटर आहे म्हटल्यावर सगळ्यांनी लघवीलाच दोष दिला. एक्स-रे काढला तर न्यूमोनिया निघाला. चहा पिताना ठसका लागायचा, तो आम्ही कधी मनावरच घेतला नव्हता. त्यामुळे डॉक्टरांना छाती, पाठीवरच्या जखमा, पोट सगळं तपासायला सांगा. लघवी तपासायचीच झाली तर नमुना पिशवीतून देऊ नका. कॅथेटर दोन आठवड्यांहून जुना असेल तर तो बदलून नव्यातून घेतात.

लघवी अचानक कमी झाली किंवा नळीच्या बाजूने गळायला लागली तर आधी नळी मांडीखाली दबली आहे का ते बघा. आमच्याकडे दोनदा तेवढंच निघालं. नळी सरळ करूनही लघवी येत नसेल तर नर्सला लगेच बोलवा. आणि हलवूनही आई नीट जागी होत नसेल, हातपाय गार पडले असतील किंवा धाप लागली असेल, तर फोनवर विचारत बसू नका, १०८ला फोन करून थेट दवाखान्यात न्या.